सहा रुपये पंचाहत्तर पैशांचं उदाहरण

ज्या पुस्तिकेवर माझं नाव छापलेलं होतं, ती मी पहिल्यांदा पाहिली ती वर्गात, पोरांच्या समोर, तपासणीला आलेल्या साहेबांच्या हातात. त्या आधी मला कुणी ती दाखवली नव्हती. लिहिणाऱ्या माणसाला आपलं लिहिलेलं छापण्याआधी दाखवावं, एवढीही रीत पुस्तिका काढणाऱ्यांनी पाळली नाही. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी ती आठवली की माझ्या कानशिलापाशी गरम होतं.

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकता वेगळा झाला होता. मी एका तांड्यावरच्या दोन शिक्षकी शाळेत होते. तांडा हमरस्त्यापासून आत, माळावर. रस्त्याला फाटा, फाट्यावर चहाची टपरी, पंक्चरवाला आणि एक किराणा दुकान. तांड्यावरच्या बायांचा सगळा बाजार त्याच दुकानात. तालुक्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कारण जे झालं ते कुठल्याही तालुक्यात झालं असतं.

दुसरी आणि तिसरी माझ्याकडे होती. गणितात पोरं बेरीज-वजाबाकीपर्यंत बरी असायची, पण रुपये-पैसे आले की अडायची. त्यात त्यांचा दोष नव्हता. घरी सगळे चाराणे, आठाणे, बाराणे म्हणायचे आणि पुस्तकात पंचवीस पैसे, पन्नास पैसे, पंचाहत्तर पैसे. पोरं विचारायची, आठाणे म्हणतात तर ते पन्नास कसे? मग मी सांगायची की जुन्या काळी एका रुपयाचे सोळा आणे असत, म्हणून अर्ध्या रुपयाला आठ आणे म्हणत. आता एका रुपयाचे शंभर पैसे आहेत, म्हणून अर्धा रुपया म्हणजे पन्नास पैसे. रुपया तोच, अर्धा भागही तोच, फक्त बोलताना जुनं नाव राहिलं. एवढं कळलं की पावाचे पंचवीस आणि पाऊणचे पंचाहत्तर पोरं आपोआप काढायची.

अवघड जागा पुढे होती. दहा रुपयांतून सहा रुपये पंचाहत्तर पैसे वजा करायचे. मूल बघतं, दहातून सहा गेले, चार उरले. मग पैशांकडे वळतं. वर पैसे नाहीत, शून्य आहे. शंभरातून पंचाहत्तर गेले, पंचवीस उरले. आणि लिहून टाकतं, चार रुपये पंचवीस पैसे. दर वर्षी निम्मा वर्ग हेच करतो. ते शंभर पैसे आले कुठून, हे मूल विसरतं. म्हणून मी वर्गात दुकान मांडायची. माझ्या घरच्या डब्यातली नाणी नेली होती. एकेका रुपयाची दहा नाणी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पैसे द्यायला सुट्टे नाहीत, तर आधी एक रुपया मोड. रुपया मोडला की चार चाराणे आले, म्हणजे शंभर पैसे. पण हातात रुपये किती राहिले? नऊ. आता नऊ रुपये शंभर पैशांतून सहा रुपये पंचाहत्तर पैसे दे. तीन रुपये उरले आणि एक चाराणा उरला. तीन रुपये पंचवीस पैसे. ज्याचा विश्वास बसत नसेल त्याने उलटं मोजावं. सहा पंचाहत्तरमध्ये पंचवीस घातले की सात झाले, सातात तीन घातले की दहा. किंवा सगळ्याचेच पैसे करावेत. दहा रुपयांचे हजार पैसे, त्यातून सहाशे पंचाहत्तर गेले, तीनशे पंचवीस उरले. कुठूनही गेलात तरी उत्तर एकच.

हे सगळं बघून असेल, किंवा कुणीतरी नाव सुचवलं म्हणून असेल, उन्हाळ्यात मला तालुक्याला एका कार्यशाळेला बोलावलं. तिसरीच्या पोरांसाठी शाब्दिक उदाहरणांची पुस्तिका काढायची होती. विस्तार अधिकारी साहेब अध्यक्ष होते. आम्हाला कागद वाटले आणि सांगितलं, उदाहरणं मुलांच्या परिसरातली हवीत. मला खूप बरं वाटलं. आमच्या पुस्तकांतली उदाहरणं सगळी बागेतल्या फुगेवाल्याची आणि आईस्क्रीमच्या कपाची असायची. माझ्या वर्गातल्या पोरांनी बाग पाहिली नव्हती. मी दोन दिवस बसून तांड्याची उदाहरणं लिहिली. फाट्यावरून वसमतला जायचं अर्धं तिकीट. बकरीच्या गळ्यातली घंटी. बाजारात विकलेल्या सीताफळांची पाटी. त्यातलंच एक असं होतं: तांड्यावरची एक बाई दुकानात गेली. तिने सव्वाचार रुपयांची साबणाची वडी, दोन रुपयांची चहापुडी आणि पन्नास पैशांची काडेपेटी घेतली. दहा रुपये दिले. तर तिला किती पैसे परत मिळाले? दोन पायऱ्यांचं उदाहरण. आधी बेरीज, सहा रुपये पंचाहत्तर पैसे. मग वजाबाकी. बस. त्या बाईबद्दल मी एक शब्द जास्त लिहिला नव्हता. ती बाई होती, तिला सामान हवं होतं, तिने पैसे दिले आणि उरलेले घेतले.

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी शाळेपुढे जीप उभी राहिली. साहेब उतरले, त्यांच्या मागे शिपाई पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन. आमचे मुख्याध्यापक, आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो, ते टोपी सावरत पुढे धावले. साहेब म्हणाले, पुस्तिका आपल्याच हाताने वाटू आणि लगे हात तपासणीही करू. त्यांनी पुस्तिका वाटल्या. पहिल्या पानावर लेखन करणाऱ्यांची नावं होती, त्यात माझं होतं. पोरांनी बोट ठेवून ते वाचलं आणि माझ्याकडे बघून हसली. त्यांच्या बाईचं नाव पुस्तकात. मलाही हसू आलं.

साहेबांनी मधलं एक पान उघडलं आणि विचारलं, वाचायला कोण येतं? सगळ्यांनी एकाच मुलीकडे बोट केलं. ती माझ्या वर्गातली सगळ्यात नीट वाचणारी. अंगाने बारकी, पण आवाज खणखणीत. तिच्या घरातून शाळेत येणारी ती पहिलीच. तिची आई दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची आणि या मुलीला आजीपाशी ठेवायची, ती केवळ शाळा बुडू नये म्हणून. हे त्या तांड्यावर सोपं नव्हतं. ऊसतोडीला लेकरू हाताशी असलं तर पाणी आणायला, लहानग्याला सांभाळायला उपयोगी पडतं. पण ती बाई ठाम होती.

मुलगी उभी राहिली आणि तिने वाचलं. मी ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला पाठ झालं आहे. "तांड्यावरील एका अडाणी बाईने दुकानातून सहा रुपये पंचाहत्तर पैशांचे सामान घेतले व दहा रुपये दिले. तिला हिशोब येत नसल्यामुळे दुकानदाराने तिला तीनच रुपये परत दिले. तर तिचे किती नुकसान झाले?"

अडाणी हा शब्द वाचताना ती अडखळली नाही. जोडाक्षर नव्हतं ना त्यात. खणखणीत आवाजात वाचला तिने तो.  माझं उदाहरण घेतलं होतं, त्यातली बाई घेतली होती आणि तिच्या कपाळावर तो शब्द मारला होता. तिच्या हातून पैसे काढून घेतले होते. आणि पहिल्या पानावर माझं नाव ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, सोडव. मुलगी फळ्यापाशी गेली. तिने दहा रुपये लिहिले, त्याखाली सहा रुपये पंचाहत्तर पैसे. दहावर काट मारून वर नऊ लिहिले, पैशांच्या घरात शंभर. तीन रुपये पंचवीस पैसे. त्यातून दुकानदाराने दिलेले तीन रुपये वजा केले आणि लिहिलं, पंचवीस पैसे. मग मागे वळली.

साहेबांनी पुस्तिकेचं शेवटचं पान काढलं. तिथे उत्तरं दिली होती. त्यांनी मान हलवली आणि सांगितलं, चूक. बरोबर उत्तर एक रुपया पंचवीस पैसे.

मुलीने फळ्याकडे पाहिलं, पुन्हा मनात मोजलं असावं, आणि म्हणाली, "न्हाई साहेब. एक रुपया मोडला ना. मंग नऊच राहिले."

मी पुढे झाले. साहेबांना म्हणाले की तिचं बरोबर आहे, छापताना चूक झालेली दिसते. दहातून सहा जाऊन चार राहिले असं धरलं आहे, मोडलेला रुपया कमी करायचा राहिला. तीन पंचवीसऐवजी चार पंचवीस झाले आणि त्यातून तीन गेल्यावर सव्वा रुपया आला. मी हे हळू आवाजात सांगितलं. चारचौघांत त्यांचा मान राखावा म्हणून. ते मला म्हणाले, पुस्तिका समितीने तपासलेली आहे. आणि मग त्या आठ वर्षांच्या मुलीकडे वळून, हसत, जसं काही आपण विनोद करतो आहोत अशा सुरात म्हणाले, "अशानंच तुझी माय दुकानात फसत असेल."

मोठे सर हसले. त्यांना हसावंच लागलं असेल. शिपाईही हसला. मुलगी हसली नाही. ती खडू ठेवून जागेवर जाऊन बसली आणि पुस्तिका मिटून दप्तरात ठेवली. साहेबांनी तपासणीच्या कागदावर तिसरीच्या गणितापुढे काहीतरी लिहिलं. जीप गेली. नंतर कळलं, त्यांनी लिहिलं होतं, 'व्यावहारिक गणितात वर्ग कच्चा.'

मी लहानपणी हट्ट्याकडच्या एका गावात शिकले. आमची वस्ती गावाच्या कडेला. आमचे गुरुजी उदाहरणं तोंडी घालायचे आणि त्या उदाहरणांत ज्याला कमी मजुरी मिळायची, ज्याचं धान्य कमी भरायचं, तो माणूस नेहमी आमच्या वस्तीतला असायचा. नाव घ्यायचे नाहीत. फक्त माझ्याकडे बघून सांगायचे. मी उत्तर बरोबर काढायची आणि घरी जाऊन जेवायची नाही. मास्तरकीची नोकरी लागली तेव्हा मी मनाशी एवढंच ठरवलं होतं की माझ्या वर्गात असलं उदाहरण होणार नाही. आणि आता ते छापून आलं होतं, माझ्याच नावानिशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना व्हायच्या आतच त्या मुलीची आई शाळेत आली. तांड्यात बातमी आदल्या संध्याकाळीच गेली होती. पोरांनी पान उघडून घरोघर वाचून दाखवलं होतं. ती दारातच उभी राहिली. आत या म्हटलं तर आली नाही. तिने पुस्तिका पुढे केली आणि विचारलं, हे तुमी लिवलं का? मी म्हणाले, उदाहरण माझं आहे, तो शब्द माझा नाही. तिने पहिलं पान उघडून नावांच्या यादीवर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं तिला, पण मुलीने जागा दाखवून ठेवली असणार. बोट बरोबर माझ्या नावावर होतं.

"हे नाव तुमचं हाय न्हवं," ती म्हणाली. "मंग शब्दबी तुमचाच."

मी तिला समजावू लागले. कार्यशाळा झाली, मी कागद दिले, नंतर त्यांनी बदललं, मला दाखवलं नाही. ते सगळं खरं होतं आणि तिच्यापुढे सांगताना ते सगळं पोकळ वाटत होतं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं झालं असतं. ती म्हणाली की मला हिशोब येतो का न्हाई ते सोडा. दुकानवाला चाराणे देतच न्हाई, गोळी देतो. गोळी घेतली न्हाई तर म्हणतो, चिल्लर न्हाई, उद्या ये. ते मला कळत न्हाई असं न्हाई. कळून बी चाराण्यासाठी कोण भांडल? आणि लिवताना तुमी अडाणी मला लिवलं, त्याला लबाड न्हाई लिवलं.

हे ती अगदी सावकाश बोलली.  खरंच, त्या उदाहरणात पैसे दाबणारा एक माणूस होता. त्याला नुसतं 'दुकानदार' म्हटलं होतं. आणि जिचे पैसे गेले तिला विशेषण लावलं होतं.

जाताना ती म्हणाली, "आवंदा पोरीला मी उसाला घेऊन जाते. लिवणं शिकून तिला हेच लिवायचं असंल तर काहून शिकवू?"

मी त्याच आठवड्यात रजा टाकून तालुक्याला गेले. मोठे सर म्हणाले, मॅडम, राहू द्या, आपल्याला त्यांच्याच हाताखाली दिवस काढायचे आहेत. त्यांचं चूक नव्हतं, त्यांना घरी तीन लेकरं होती. मलाही दोन होती. तरी मी गेले. साहेबांच्या टेबलावर मी एकेका रुपयाची दहा नाणी ठेवली, त्यातलं एक उचललं, त्याच्या जागी चार चाराणे ठेवले आणि त्यांना म्हणाले, आता यातून सहा पंचाहत्तर काढून उरलेले तुम्हीच मोजा. ते आधी नको म्हणाले. मग समोरच्या खुर्चीत बसलेला एक कारकून मोजू लागला आणि तीन रुपये पंचवीस पैसे म्हणाला, तेव्हा साहेबांनी पुस्तिका ओढून घेतली.  मग म्हणाले, छापखान्याची चूक. ती छापखान्याची चूक नव्हती. छापखाना सव्वा रुपया स्वतःहून कसा काढील? ते ज्याने कुणी उत्तर काढलं त्याची वजाबाकी तिसरीतल्या निम्म्या वर्गासारखी होती. पण ते मी सोडून दिलं, कारण मला पुढचं बोलायचं होतं.

मी म्हणाले, आकड्याबरोबर तो शब्दही काढा. साहेबांना आधी कळलंच नाही मी कुठल्या शब्दाबद्दल बोलते आहे. मग ते खुर्चीत मागे टेकले. त्यांनी मला सांगितलं की तो शब्द उद्बोधनासाठी घातला आहे. शिकलं नाही तर नुकसान होतं, हे मुलांना कळावं. आणि खरं म्हणजे पंचवीस पैशांचं नुकसान म्हणजे काही नुकसान वाटत नाही, सव्वा रुपया कसा ठसठशीत होता.

त्या वाक्यावर माझा तोल गेला. मी त्यांना विचारलं, "साहेब, ज्याला दहातून पावणेसात नीट वजा करता आले नाहीत, त्याच्यापुढे मी कुठला शब्द लिहू?"

 कारकून उठून बाहेर गेला. साहेबांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, आकड्याचं शुद्धिपत्रक निघेल. शब्दात चूक काय आहे? अडाणीला अडाणी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि वर असंही म्हणाले की तुम्हाला फार लागलेलं दिसतं, तुम्ही तर त्या समाजातल्याही नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघत म्हटलं, ती नजर मी लहानपणापासून ओळखत होते.

शुद्धिपत्रक निघालं. बोटभर कागद. पान अमुक, उदाहरण अमुक, एक रुपया पंचवीस पैसे ऐवजी पंचवीस पैसे असे वाचावे. बाई अडाणीच राहिली. आता तिचं नुकसान तेवढं बिनचूक झालं होतं.

दिवाळी झाली आणि फाट्यावर ऊसतोडीचे ट्रक लागले. दर वर्षी लागतात. बायकांनी भांडी, चुलीची सळई, गोधड्या, कोंबड्यांची टोपली, सगळं वर चढवलं. मी शाळा सुटल्यावर तिथे गेले. ती मुलगी ट्रकच्या फाळक्याला धरून वर बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. मी तिच्या आईला शेवटचं विनवलं. म्हणाले, शब्द निघेल, मी काढून घेईन, पोरीला ठेवा. आईने डोक्यावरची ओढणी नीट केली आणि एवढंच म्हणाली की निघंल तवा बघू. ट्रक वारंग्याच्या दिशेने गेला. हजेरीत त्या मुलीच्या नावापुढे मी रोज गैरहजर लिहीत राहिले आणि रोज मला त्या खुर्चीत मागे टेकलेल्या माणसाचा राग येत राहिला. एका शब्दाने एक मूल शाळेतून उठलं होतं आणि त्याची नोंद कुठल्याच तपासणीच्या कागदावर होणार नव्हती.

मी आणखी एकदा गेले, या वेळी एकटी नाही. सोबत तांड्याचा नाईक म्हणजे तिथला पुढारी, मागे राहिलेली चार म्हातारी माणसं आणि त्या मुलीची आजी. नाईक कमी बोलणारा माणूस. मी त्याला काय बोलायचं ते शिकवलं नव्हतं. त्याने वरच्या अधिकाऱ्यांची भेट मागितली आणि ती मिळाली. त्याने पुस्तिका उघडून टेबलावर ठेवली आणि विचारलं, हे असंच तुमच्या आईबद्दल छापलं तर? एवढा एकच प्रश्न. त्या अधिकाऱ्यांनी ते वाचलं, साहेबांना बोलावून घेतलं आणि त्यांना आत नेलं. पंधरवड्याने सगळ्या शाळांना पत्र आलं की अमुक पानावरचा अमुक शब्द काळ्या शाईने खोडावा. मी माझ्या वर्गात प्रत्येक पुस्तिकेतला शब्द माझ्या हाताने खोडला. शेजारच्या गावच्या शाळेत विचारलं तर तिथल्या सरांनी पत्र फायलीला लावलं होतं आणि पुस्तिका तशाच होत्या. तिथे तांड्यावरचं एकही मूल नव्हतं, म्हणून त्यांना घाई वाटली नाही.

मुलगी उन्हाळ्यात परत आली. हात उसाच्या पात्यांनी खरखरीत झाले होते. मी तिच्या घरी गेले, खोडलेली पुस्तिका घेऊन. तिच्या आईने त्या काळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरून शब्द खालून दिसतो का ते पाहिलं. दिसत नव्हता. मी शाई दोनदा लावली होती. तिने पुस्तिका मुलीकडे दिली. जूनमध्ये मुलगी पुन्हा तिसरीत बसली. एक वर्ष गेलं तिचं. ते कुठल्या शुद्धिपत्रकाने परत येणार होतं?

पुढच्या कार्यशाळेला मला बोलावलं नाही. ते मी धरूनच होते. नवी पुस्तिका आली तेव्हा मी सगळ्यात आधी शेवटचं पान तपासलं. उत्तरं बरोबर होती. मग आतली उदाहरणं वाचली. फुगेवाला परत आला होता. आईस्क्रीमचा कप परत आला होता. एक मुलगा बागेत जात होता, एक मुलगी वाढदिवसाला चॉकलेट घेत होती. तांड्यावरची बाई नव्हती. बकरी नव्हती, सीताफळांची पाटी नव्हती. वसमतचं अर्धं तिकीटही नव्हतं. वाटायला आलेल्या साहेबांनी मला मुद्दाम विचारलं, "आता तर कुणाला लागेल असं काही राहिलं नाही ना, मॅडम?"

मी म्हणाले, "राहिलं नाही साहेब. तुम्ही माणसंच काढून टाकलीत."

 ते जीपमध्ये बसून गेले. मला वाटतं, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की आम्ही कशासाठी भांडलो होतो. त्यांच्या लेखी तांडा पुस्तकात यायचा तर अडाणी म्हणून, नाहीतर यायचाच नाही. तिसरी जागा त्यांच्या डोक्यात नव्हती. अशी माणसं निवृत्त होतात, त्यांचा सत्कार होतो, शाल मिळते.

मी त्या वर्षी नवी पुस्तिका वाटली, कारण वाटावी लागली. पण रुपये-पैशांचा धडा आला तेव्हा ती मिटून ठेवायला सांगितली. फळ्यावर साबणाची वडी, चहापुडी आणि काडेपेटी लिहिली आणि पोरांना सांगितलं, आज तुम्ही दुकानदारसुद्धा तांड्यावरचाच करा. एका पोराने विचारलं, दुकानदार तांड्यावरचा कसा असंल? मी म्हणाले, का नसेल?  मग त्या मुलीने पुढे येऊन टेबलामागची जागा घेतली, नाण्यांचा डबा स्वतःपुढे ओढला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला तीन रुपये आणि एक चाराणा मोजून दिला. गिऱ्हाइकाने पैसे पुन्हा मोजले, मुठीत धरले आणि मगच ते जागेवर गेलं.